सरळ बसता येतं का? रुग्णाला उपचारासाठी परदेशी नेताना विमानाच्या तिकिटाचा विचार

परदेशी उपचाराचं नक्की झालं की घरातले सगळे मोबाईल काढून भाडं बघायला लागतात. पुण्यातला भाचा एक दर सांगतो, हैदराबादची मेहुणी दुसरा, आणि रात्री बारापर्यंत 'दोहामार्गे आठ हजार स्वस्त पडतंय' यावर चर्चा चालते. सोलापुरात तिकिटांचं काम करताना अशी कुटुंबं माझ्यासमोर येऊन बसतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'स्वस्तात स्वस्त काय मिळेल?' मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो, 'पेशंटला खुर्चीत सरळ किती वेळ बसता येतं?' काही जणांना त्याचा रागही येतो. पण उरलेलं सगळं बुकिंग त्या उत्तरावर ठरतं.

एक उदाहरण घेऊ. समजा सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातले एक निवृत्त शिक्षक आहेत, एकसष्ट वर्षांचे. त्यांच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत कॉर्डोमा नावाची गाठ आहे. ही गाठ हळू वाढते, पण अवघड जागी असते आणि साध्या रेडिएशनला सहज दाद देत नाही. अशा गाठींवर कार्बन आयनचा मारा करण्याची पद्धत जपान, जर्मनी अशा मोजक्या देशांत आहे. भारतात प्रोटॉन रेडिएशनची सोय चेन्नईत आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आहे, कार्बन आयनची मात्र नाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात 2009 पासून ही सोय आहे. या शिक्षककाकांचे कागद तिथे गेले आणि तिथून होकार आला. सोबत मुलगा जाणार आहे.

हायडेलबर्गला जवळचा मोठा विमानतळ फ्रँकफर्ट, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण नऊ तासांचा. आता अडचण बघा. काकांचा आजार नेमका बसायच्या जागी आहे. घरात ते फिरतात, जेवतात, स्वतः बाथरूमला जातात. पाहुण्यांना वाटतं, 'बरे दिसतायत की.' पण सोफ्यावर वीस मिनिटं झाली की ते कुशीवर वळतात.

विमान कंपन्यांचा रुग्णांसाठी एक वैद्यकीय फॉर्म असतो, त्याला सगळे मेडिफ म्हणतात. एक भाग आपण भरायचा, दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. त्यात आजाराचं नाव, शस्त्रक्रिया कधी झाली, ऑक्सिजन लागतो का, लघवीवर ताबा आहे का, सोबत कोण, असे बरेच प्रश्न असतात. फुप्फुसाचा किंवा रक्त कमी असलेला रुग्ण असेल तर ऑक्सिजनचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. काकांच्या बाबतीत मात्र सगळं अडतं ते एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर: गरज असेल तेव्हा पाठ सरळ ठेवून साध्या सीटवर बसता येतं का?

'गरज असेल तेव्हा' म्हणजे उडताना आणि उतरताना. त्या वेळी सीटची पाठ उभी आणि पट्टा बांधलेला लागतो, मग सीट बिझनेस क्लासची असली तरीही. दोन्ही वेळा मिळून सहज तासभर जातो, आणि धावपट्टीवर रांग लागली तर त्याहून जास्त. डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं तर कंपनी स्ट्रेचरचं विचारते. स्ट्रेचर म्हणजे इकॉनॉमीतल्या बऱ्याच सीटा पाडून वर लावलेली खाट. त्या सगळ्या सीटांचं भाडं आपल्या माथी येतं, तयारीला जास्त दिवस लागतात, आणि प्रत्येक कंपनी किंवा प्रत्येक विमान स्ट्रेचर घेतंच असं नाही. 'हो' लिहिलं आणि प्रत्यक्षात जमलं नाही, तर काकांना विमानाच्या दारातून परत फिरावं लागू शकतं.

म्हणून फॉर्म डॉक्टरांकडे नेण्याआधी घरीच एक चाचणी करायची. जेवायच्या टेबलाची सरळ पाठीची खुर्ची घ्यायची, विमानात नेणार तीच उशी खाली ठेवायची आणि वेदनेची गोळी घेतल्यावर जेवढ्या वेळाने गुण येतो तेवढा वेळ जाऊ द्यायचा. मग काकांना पंचेचाळीस मिनिटं बसवायचं. घड्याळ मुलाने बघायचं, काकांनी नाही, कारण आपल्याकडची वडीलधारी माणसं 'जमतंय, जमतंय' म्हणत ओठ चावून बसतात. उशी मागच्या बाजूला खाच असलेली असावी, म्हणजे माकडहाडाच्या भागावर भार येत नाही. दुकानात मिळणारी गोल रिंगची उशी इथे फारशी कामाची नाही, कारण कडांचा दाब भलतीकडेच येतो. पहिल्या दिवशी जमलं नाही तर गोळीची वेळ बदलायची की मात्रा, ते डॉक्टर ठरवतील. आपल्याला हवंय ते त्यांच्या हातात देण्याजोगं खरं उत्तर.

समजा काका पन्नास मिनिटं बसले. म्हणजे स्ट्रेचर टळलं. उरलेले आठ तास कसे काढायचे, हा पुढचा प्रश्न.

इथे बहुतेक घरांत पटकन सुचतं ते प्रीमियम इकॉनॉमी. बिझनेसपेक्षा बरंच स्वस्त, सीट रुंद, पायांना जागा. गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते छान आहे. काकांना मात्र ते इकॉनॉमीपेक्षाही त्रासाचं होऊ शकतं. या सीटांमधले हात ठेवायचे दांडे बहुतेक वेळा पक्के असतात, वर उचलता येत नाहीत. सीट रुंद असली तरी माणूस बसूनच राहतो, आडवा होऊ शकत नाही. इकॉनॉमीत पहिल्या रांगेचीही तीच गोष्ट. समोर भिंत आणि पायांना मोकळी जागा म्हणून लोक ती हौसेने मागतात, पण तिथे जेवणाचा ट्रे दांड्यात बसवलेला असतो आणि दांडा हलत नाही. आपत्कालीन दाराजवळची रांग तर मदत लागणाऱ्या प्रवाशाला देतच नाहीत.

काकांसाठी खरे पर्याय दोन. एक म्हणजे बिझनेसची सपाट होणारी सीट. दुसरा, इकॉनॉमीतली मधली रांग सोडून खिडकीकडच्या तिघांच्या ओळीतल्या तिन्ही सीटा आपल्या: दोन माणसं आणि एक जास्तीची रिकामी सीट. ही रिकामी सीट कंपनीकडून रीतसर विकत घेता येते, आणि ती त्याच बुकिंगमध्ये, शेजारच्या क्रमांकासह हवी. विमान वर गेलं की दोन दांडे उचलायचे, काकांनी पाय पोटाशी घेऊन कुशीवर दोन सीटांवर पडायचं. मुलगा तिसऱ्यावर. उंच माणसाला हे अडचणीचंच होतं, आणि पट्टा चादरीवरून दिसेल असा बांधावा लागतो, नाहीतर हवाई सुंदरी दर वेळी उठवते. तरी बिझनेसच्या भाड्याच्या मानाने खर्च कमी. काकांची उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर मी हा पर्याय समोर ठेवतो. त्याहून उंच असतील तर जाताना बिझनेस, येताना इकॉनॉमी असं एकाच तिकिटात जोडून बघतो. जाताना दुखणं पूर्ण अंगावर असतं. येताना कसं असेल ते उपचारानंतरच कळेल.

फक्त जाण्याचं बिझनेस वेगळं आणि येण्याचं वेगळं काढू नका. मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं पुष्कळदा जाण्या-येण्याच्या निम्म्याहून फार जास्त असतं. शिवाय बिझनेस घेण्याआधी त्या मार्गावर त्या दिवशी कुठलं विमान उडतंय आणि त्याची सीट खरंच पूर्ण सपाट होते का, ते बघून घ्या.

आखातातून जाणारं स्वस्त विमान इथे मी सरळ बाजूला ठेवतो. मधे उतरायचं म्हणजे उडणं-उतरणं दोनाऐवजी चार वेळा. काकांच्या हिशोबात तो आणखी तासभर सरळ बसण्याचा खर्च आहे, वर व्हीलचेअरवरचे दोन-तीन तास वेगळे. व्हीलचेअर म्हणजेही शेवटी बसणंच!

आता व्हीलचेअरचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' एवढंच सांगितलं तर समोरचा बहुतेक WCHR टाकतो. त्याचा अर्थ, प्रवासी जिना चढू शकतो, फक्त लांबचं चालणं जमत नाही. काकांना जिना चढवत नाही पण विमानाच्या आत सीटपर्यंत चालता येतं, म्हणून त्यांच्यासाठी WCHS. ज्याला आतही चालता येत नाही त्याला WCHC, मग सीटपर्यंत नेण्यासाठी अरुंद खुर्ची आणि माणसं येतात. फरक कुठे कळतो? विमान पुलाला न लागता लांब मैदानात उभं राहिलं की. खाली बस, वर जिना, आणि नोंद WCHR असेल तर उचलून नेणारी गाडी येत नाही. बुकिंगमध्ये ही विनंती नुसती पाठवलेली आहे की कंपनीने मान्य केली आहे, हे एजंटला विचारा. त्याच्या पडद्यावर मान्य झालेल्या विनंतीपुढे HK दिसतं.

आता तारखांचं बघू, कारण पैसे खरे तिथे जातात.

क्रम असा लागतो. रुग्णालयाचं उपचाराच्या तारखांचं आणि अंदाजे खर्चाचं पत्र आधी. त्यावर जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज. व्हिसा. मग तिकीट. मग मेडिफ. व्हिसाच्या अर्जाला प्रवासाची रूपरेषा म्हणून विमानाचं नुसतं आरक्षण चालतं, पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. व्हिसा मिळायच्या आधी तिकीट काढू नका असं दूतावासही सांगतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण कागद जास्त तपासायचे झाले तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. वर अपॉइंटमेंट मिळण्याची वाट बघणं आलंच. रुग्णालयाने तारीख जवळची दिली असेल तर अर्जाच्या वेळीच त्यांचं पत्र पुढे करून लवकर अपॉइंटमेंट मागायची.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो चालतो. दुसरी, त्या काळात किती दिवस राहता येतं. लोक पहिली बघतात आणि दुसरी राहून जाते. व्हिसा दोन महिने चालतो पण राहायचे दिवस पंचेचाळीसच दिलेत, असं असू शकतं. मुलाचा स्टिकर वेगळा वाचा, दोघांना सारखेच दिवस मिळालेत असं गृहीत धरू नका.

काकांचा हिशोब मांडू. समजा रुग्णालयाने सांगितलं की आल्यावर तपासण्या, मारा करताना अंग हलू नये म्हणून अंगाचा साचा आणि नियोजन यांना दहा दिवस, मग कार्बन आयनच्या माऱ्याच्या सोळा बैठका सुमारे तीन आठवड्यांत, शेवटी एक-दोन दिवस तपासणी. म्हणजे कागदावर चौतीस दिवस. प्रत्यक्षात यंत्र देखभालीसाठी बंद राहतं, सुट्टी येते, त्वचा सोलवटली म्हणून डॉक्टर दोन दिवस थांबवतात. म्हणून परतीची तारीख चौतिसाव्या दिवसाची न घेता बेचाळिसाव्याच्या आसपास घ्यायची. पाच-सात दिवस आधी मोकळे झालो तर तिथल्या भाड्याच्या खोलीत तेवढे दिवस काढणं दोन माणसांची तिकिटं बदलण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. आणि अर्ज करतानाच व्हिसा पन्नास-साठ दिवसांचा मागायचा, रुग्णालयाच्या पत्रात 'उपचार लांबू शकतो' हे वाक्य घालून घेऊन. ते वाक्य मागितल्याशिवाय सहसा येत नाही.

आता लवचीक तिकीट घ्यायचं का? समजा साधं तिकीट 60 हजारांचं आहे आणि तारीख बदलायला 15 हजार लागतात. लवचीक तिकीट 78 हजारांचं आहे आणि बदलाचं शुल्क नाही. एकदाच बदल झाला तर साधं 75 हजारांत गेलं, म्हणजे अजून स्वस्तच. दोनदा बदल झाला तर 90 हजार. इथवर सगळ्यांना कळतं. ज्याने लोक फसतात ती गोष्ट वेगळी: 'बदल मोफत' म्हणजे शुल्क मोफत. नव्या तारखेला त्या दराच्या सीटा संपल्या असतील तर भाड्यातला फरक दोन्ही तिकिटांवर भरावाच लागतो, आणि दिवाळीच्या तोंडावर तो फरक शुल्कापेक्षा मोठा होतो. म्हणून बदल करायचाय असं वाटलं की त्याच दिवशी करा. शेवटच्या बैठकीची वाट बघत बसलात तर दर चढत जातो.

माझं मत असं. परतीसाठी वर सांगितल्याप्रमाणे तारीखच सैल ठेवली तर साधं, पण बदल करता येणारं तिकीट पुरतं. लवचीक घ्यायचं ते पैसे परत मिळण्यासाठी. गाठीने अचानक उचल खाल्ली, ताप आला, रुग्णालयाने तारीख पुढे ढकलली, तर जाणंच रद्द होतं. प्रवास विमा इथे उपयोगी पडेल असं धरू नका. शेंगेनसाठी लागणारी 30 हजार युरोंची पॉलिसी अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी असते, आधीपासूनचा आजार तिच्यात सहसा बसत नाही. ठरवून घेतलेल्या उपचाराचा खर्च तर नाहीच. मग रद्द झाल्यावर पैसे परत देईल असं फक्त तिकीटच उरतं. 'रिफंड' म्हणजे खात्यात पैसे की पुढच्या प्रवासाचं क्रेडिट, हे भाड्याच्या नियमांत वाचून घ्या.

दोघं एकाच पीएनआरवर असावेत. विमान रद्द झालं की कंपनीची यंत्रणा एका पीएनआरच्या माणसांना एकत्र हलवते. वेगळे असले तर काका एका विमानात आणि मुलगा दुसऱ्यात, असं होऊ शकतं. अपवाद एकच: पंधरा दिवसांनी मुलगा परत येणार आणि मुलगी तिकडे जाणार असं आधीच ठरलं असेल, तर मुलाचं तिकीट वेगळं काढा आणि बुकिंगमध्ये दोघं एकत्र प्रवास करतायत अशी नोंद करून घ्या. आणि जाण्याचं विमान न कळवता सोडू नका. पहिला टप्पा वापरला नाही की पुढची परतही आपोआप रद्द होते.

माझ्याच धंद्याच्या विरोधात एक सांगतो. एजंटकडून घ्या किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून, पण स्वस्ताच्या नादाने अनोळखी पोर्टलवरून घेऊ नका. तारीख बदलायची वेळ आली की कंपनी म्हणते पोर्टलला विचारा आणि पोर्टलचा फोन लागत नाही.

तिकिटावरचं नाव पासपोर्टमधल्या दोन रकान्यांप्रमाणे घाला. आपल्याकडे पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून असतं, आधारवर कधी आडनाव आधी असतं आणि रुग्णालयाने तिसराच क्रम लिहिलेला असतो. पत्र, व्हिसा, विमा, तिकीट, सगळीकडे पासपोर्टचाच क्रम धरा.

काकांच्या औषधांत मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. या नुसत्या चिठ्ठीवर नेऊ नयेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रमाणपत्र घ्या: औषधाचं मूळ नाव, मात्रा, रोज किती, एकूण गोळ्या किती, आजार कोणता. स्वतःपुरत्या वापरासाठी जर्मनीत तीस दिवसांचाच साठा धरतात, आणि काकांचा मुक्काम बेचाळीस दिवसांचा. म्हणून उरलेल्या दिवसांचं औषध तिथे लिहून द्याल का, हे रुग्णालयाला आधीच ईमेलने विचारायचं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, हातातल्या बॅगेत. आखाती देशांत अशा औषधांचे नियम कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश करताना ती नेण्यासाठी आधी परवानगी लागते. थेट विमानाने तो एक देश कमी होतो. लांब बसणं आणि कर्करोग, दोन्हींमुळे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर प्रवासाच्या दिवशी इंजेक्शन देतायत का ते विचारा आणि देत असतील तर सुयांचा उल्लेखही त्याच पत्रात घ्या.

सोलापूर ते मुंबई हा टप्पा लोक शेवटी बघतात. वंदे भारत सकाळी सहाला निघून साडेसहा तासांत पोचवते, पण ती खुर्चीची गाडी आहे. काकांना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी, खालच्या बर्थवर रात्रभर आडवं पडून जाता येतं. होटगी रोडच्या विमानतळावरून आता विमानं उडू लागली आहेत, तरी ते तिकीट वेगळं असेल तर लांबचं विमान चुकण्याची जोखीम आपली, आणि तासाभराचं का होईना, सरळ बसणं आलंच.

फ्रँकफर्टची विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात, आणि इथे तारखेचा घोळ होतो. तिकिटावर 15 तारीख, रात्री 1.50 असं असेल तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत पोचायचं असतं. म्हणजे काकांनी 13 तारखेच्या रात्री सिद्धेश्वर धरायची, 14 ला सकाळी दादरला उतरून दिवसभर कुणाकडे तरी किंवा विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपून काढायचं. बर्थ 13 तारखेचा काढा. 14 तारखेचा काढलात तर गाडी वाटेत असतानाच विमान निघून गेलेलं असेल.

मेडिफची मुदत कंपनीगणिक बदलते. बहुतेकांना तो किमान दोन-तीन दिवस आधी हवा असतो आणि डॉक्टरांची सही ताजी, काही दिवसांच्या आतली लागते. फार आधी भरून ठेवला तर परत भरावा लागतो. आठवडाभर आधी सोलापुरातल्या डॉक्टरांकडून भरून पाठवायचा, मंजुरीचा ईमेल छापून पासपोर्टबरोबर ठेवायचा. आणि परतीला हा फॉर्म चालत नाही. तिथल्या डॉक्टरांनी नवा भरावा लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या भेटीला मुलाने कोरा मेडिफ सोबत न्यावा आणि त्यांच्यासमोरच तो सरळ बसण्याचा प्रश्न पुन्हा विचारून घ्यावा, कारण आता त्या जागेची त्वचाही नाजूक झालेली असते. 'नाही' असं उत्तर आलं तर आधी हेच विचारायचं की किती दिवसांनी 'हो' लिहिता येईल, आणि व्हिसाचे उरलेले दिवस मोजून तेवढ्यानेच तारीख पुढे न्यायची.